‘पस्तीस टक्के जास्त’ म्हणजे नेमके किती? नागपुरातल्या जुन्या सोसायटीचा पुनर्विकास : संमतीपासून करारापर्यंत

धरमपेठ, रामदासपेठ, लक्ष्मीनगर, प्रतापनगर या भागांत १९८०-९० च्या दशकात उभ्या राहिलेल्या तीन-चार मजली इमारती आता पुनर्विकासाच्या वयात आल्या आहेत. बिल्डर येतो, गच्चीवर खुर्च्या मांडून सभा होते आणि पहिलेच वाक्य ऐकू येते, “प्रत्येकाला पस्तीस टक्के जास्त जागा देतो.” पुढची दोन वर्षे सगळी चर्चा या टक्क्यांभोवती फिरते. हे पस्तीस टक्के कशाचे, हे मात्र बहुतेकदा चावी हातात आल्यावर कळते. म्हणून या लेखात सर्वाधिक जागा याच प्रश्नाला दिली आहे. बाकीच्या पायऱ्या त्याच धाग्याने पुढे येतील.

समजायला सोपे जावे म्हणून एक उदाहरण शेवटपर्यंत धरू या. १६ फ्लॅटची सोसायटी, ९०० चौरस मीटरचा प्लॉट, समोर १२ मीटरचा रस्ता.

आधी कागद : जमीन कोणाच्या नावावर आहे?

आखीव पत्रिका काढा आणि त्यावर कोणाचे नाव आहे ते बघा. अनेक ठिकाणी मूळ जमीनमालक किंवा जुन्या बिल्डरचेच नाव असते, कारण अभिहस्तांतरण, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर करून देणारा दस्त, कधी झालेच नाही. तसे असेल तर जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव, म्हणजे मालकाच्या सहीशिवाय होणाऱ्या, अभिहस्तांतरणाचा अर्ज करा आणि तो निकाली निघेपर्यंत बिल्डरशी बोलणी पक्की करू नका. जमीन नावावर नसलेल्या सोसायटीला भाव करता येत नाही. बिल्डर तो खर्च आणि ती जोखीम तुमच्या क्षेत्रफळातून वसूल करतो.

प्लॉट नागपूर सुधार प्रन्यासचा लीजचा असेल तर लीजची मुदत आणि नूतनीकरण तपासा. नासुप्रची परवानगी लागणार असेल तर तिचा खर्च कोणाचा, हे पहिल्याच पत्रात विचारा.

आणखी एक गोष्ट नागपुरात हमखास बघावी लागते. आपल्याकडच्या पुष्कळ इमारती सहकारी संस्था नसून अपार्टमेंट कायद्याखालच्या असतात. घोषणापत्र, म्हणजे ‘डीड ऑफ डिक्लरेशन’, केलेले असते आणि लोक सवयीने त्यालाच सोसायटी म्हणतात. नोंदणी प्रमाणपत्र बघून खात्री करा. खाली सांगितलेली संमतीची पद्धत नोंदणीकृत सहकारी संस्थेसाठी आहे. अपार्टमेंट १९७० च्या वेगळ्या कायद्याने चालते, त्यामुळे तिथे वकिलाकडून स्वतंत्र मत घ्या.

संमती : हजर असलेल्यांचे नव्हे, एकूण सभासदांचे ५१ टक्के

सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ७९ (अ) खाली ४ जुलै २०१९ रोजी शासनाने पुनर्विकासाची कार्यपद्धती ठरवून दिली. त्याआधीची पद्धत २००९ ची होती. एकूण सभासदांपैकी एक पंचमांश सभासदांनी लेखी मागणी केली की समितीला विशेष सर्वसाधारण सभा बोलवावी लागते. सभेची सूचना १४ दिवस आधी द्यायची. गणपूर्ती एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश आणि ठरावाला एकूण सभासदांच्या किमान ५१ टक्क्यांची संमती लागते.

आता हे १६ जणांच्या सोसायटीत मांडून बघा. मागणीसाठी ४ सह्या, गणपूर्तीसाठी ११ सभासद आणि ठरावासाठी ९ मते. समजा ११ जण आले आणि ८ जणांनी हात वर केले. सभागृहात बसलेल्यांना वाटते, भक्कम बहुमत झाले. पण १६ पैकी ८ म्हणजे ५० टक्केच, म्हणून ठराव पडला. इतिवृत्तात “बहुमताने मंजूर” असे लिहून पुढे गेलात तर नाराज सभासदाला वर्षभराने तक्रारीला हेच एक वाक्य पुरते.

मते मोजताना गडबड होते ती फ्लॅटच्या नावांवरून. एका फ्लॅटला एकच मत. नवरा-बायकोच्या संयुक्त नावावर फ्लॅट असेल तर पहिले नाव ज्याचे, त्याचा मताचा हक्क. सभासद वारले असतील आणि वारसनोंद झालीच नसेल तर तो फ्लॅट तुमच्या १६ मध्ये मोजला जातो, पण मत द्यायला कोणी नसते. असे दोन-तीन फ्लॅट निघाले तर ९ चा आकडा गाठणे अवघड होते. म्हणून पहिली सभा लावायच्या आधी सभासद नोंदवही अद्ययावत करा, नामनिर्देशन आणि हस्तांतरणाचे पडून राहिलेले अर्ज निकाली काढा. मुलांकडे पुण्याला किंवा परदेशात राहणाऱ्या सभासदांना सभेची तारीख महिनाभर आधीच कळवा.

पहिल्या सभेत बिल्डर निवडायचा नसतो. पुनर्विकास करायचा की नाही, आणि करायचा तर सोसायटीचा स्वतःचा आर्किटेक्ट किंवा प्रकल्प सल्लागार कोण, एवढेच ठरवायचे. बिल्डरने “माझा आर्किटेक्ट फुकट देतो” म्हटले तर नम्रपणे नाही म्हणा. त्याने काढलेला अहवाल त्याच्याच सोयीचा असेल. निविदा मागवून, तुलना करून बिल्डरची अंतिम निवड जिथे होते त्या सभेला उपनिबंधक कार्यालयाचा प्राधिकृत अधिकारी बोलवायचा आणि सभेचे चित्रीकरण करायचे. ते फुटेज आणि सह्यांचा हजेरीपट इतिवृत्ताबरोबर जपून ठेवा.

ठराव नियमाने झाला असेल तर अल्पमतातल्या सभासदांना तो सहसा बांधील असतो. दोन-चार जणांच्या विरोधामुळे सगळ्यांचे काम अडू नये, असाच न्यायालयांचा कल राहिला आहे. याची दुसरी बाजूही तेवढीच महत्त्वाची. विरोध केला म्हणून कोणाचे क्षेत्रफळ, भाडे किंवा पार्किंग इतरांपेक्षा कमी करता येत नाही. हे ठरावातच लिहून टाकलेत तर विरोधही बराच निवळतो, कारण बऱ्याच जणांना मुळात हीच भीती असते.

प्लॉट किती देऊ शकतो?

बिल्डर काय देतो हे बघण्याआधी प्लॉट काय देऊ शकतो ते काढा. नागपूरला डिसेंबर २०२० पासून एकत्रित विकास नियंत्रण नियमावली, म्हणजे यूडीसीपीआर, लागू आहे. तिच्यात दाट वस्तीबाहेरच्या निवासी प्लॉटला मूळ एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधकाम करता येते ते प्रमाण, १.१ आहे. त्यावर किती मिळेल हे रस्त्याच्या रुंदीवर ठरते. १२ मीटर किंवा जास्त, पण १५ मीटरपेक्षा कमी रस्ता असेल तर ०.५ प्रीमियम भरून आणि ०.६५ टीडीआर, म्हणजे दुसऱ्या जमिनीचे हस्तांतरणीय विकास हक्क, घेऊन मिळतो. एकूण २.२५. रस्ता ९ मीटरपेक्षा कमी असेल तर ही दोन्ही वाढ मिळत नाही, १.१ वरच थांबावे लागते. जो एफएसआय वापराल त्याच्या ६० टक्के इतका पूरक एफएसआय निवासी बांधकामाला प्रीमियम भरून घेता येतो. जिना, लिफ्ट, बाल्कनी हे सगळे त्यातूनच बसवायचे असते.

आपल्या उदाहरणात ९०० × २.२५ = २,०२५ चौ. मी. त्यावर ६० टक्के पूरक १,२१५. एकूण बांधकाम ३,२४० चौ. मी.

सभासदांचे जुने कार्पेट, म्हणजे घराच्या आतले वापराचे क्षेत्रफळ, प्रत्येकी सरासरी ५२.८० चौ. मी. धरले तर १६ फ्लॅटचे ८४५ चौ. मी. होते. त्यावर ३५ टक्के वाढ दिली की १,१४० चौ. मी. कार्पेट. बाहेरच्या भिंती, बाल्कनी, जिना, लिफ्ट, पॅसेज धरून बांधकाम त्याच्या साधारण १.४ पट होते, म्हणजे सुमारे १,६०० चौ. मी. विक्रीसाठी बिल्डरकडे तेवढेच उरते. गणित बसते.

आता हाच प्लॉट ९ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर आहे असे समजा. ९०० × १.१ = ९९० आणि पूरक ५९४, एकूण १,५८४ चौ. मी. सभासदांचेच १,६०० भरतात, विकायला काही उरत नाही. अशा प्लॉटवर कोणी पस्तीस टक्के कबूल करत असेल तर त्याने गणित केलेले नाही किंवा करार झाल्यावर आकडा खाली आणायचा त्याचा बेत आहे. जुन्या इमारतींसाठी नियमावलीत वेगळ्या प्रोत्साहनपर तरतुदी आहेत. तुमच्या इमारतीला कोणती लागू होते आणि त्याने किती चौरस मीटर वाढतात, हे आर्किटेक्टकडून नियमाच्या क्रमांकासह लेखी घ्या.

कागदावर मिळणारा सगळा एफएसआय प्लॉटवर उभा राहतोच असेही नाही. उंची वाढली की बाजूचे अंतर वाढते, पार्किंगची संख्या बसवावी लागते. सोनेगाव विमानतळाच्या आसपास विमानतळ प्राधिकरणाची उंचीची मर्यादा लागते. म्हणून आर्किटेक्टकडून एफएसआयच्या हिशेबाबरोबर एक कच्चा नकाशाही मागा. त्यात गाड्या कुठे उभ्या राहतात हे आधी बघा.

एकाच फ्लॅटची तीन मापे

आता मुख्य मुद्दा. उदाहरणातला एक दोन बेडरूमचा फ्लॅट प्लास्टर ते प्लास्टर मोजला. हॉल ५.०० × ३.२० = १६.००, मोठी बेडरूम ३.६० × ३.२० = ११.५२, लहान बेडरूम ३.२० × ३.०० = ९.६०, स्वयंपाकघर ३.०० × २.४० = ७.२०, पॅसेज २.५० × १.०० = २.५०, न्हाणीघर २.१० × १.३० = २.७३, संडास १.३० × १.०० = १.३०. बेरीज ५०.८५ चौ. मी.

रेराच्या, म्हणजे स्थावर संपदा कायद्याच्या, व्याख्येत कार्पेटमध्ये घराच्या आतल्या भिंतींची जागा धरतात. बाहेरच्या भिंती, शाफ्ट, बाल्कनी आणि उघडी गच्ची धरत नाहीत. या फ्लॅटमध्ये आतल्या भिंती साधारण १३ मीटर लांब आणि १५ सेंटिमीटर जाड आहेत, म्हणजे १.९५ चौ. मी. तेव्हा रेरा कार्पेट ५२.८० झाले. शिवाय हॉलला जोडून ३.२० × १.२० ची, म्हणजे ३.८४ चौ. मी. ची बाल्कनी आहे, ती पंधरा वर्षांपूर्वी काच लावून आत घेतलेली. ती धरली तर ५६.६४.

तिन्ही आकडे आपापल्या जागी खरे आहेत. पण त्यांवर पस्तीस टक्के लावले की अनुक्रमे ६८.६५, ७१.२८ आणि ७६.४६ येतात. पहिल्या आणि तिसऱ्यात ७.८ चौ. मी., म्हणजे ८४ चौरस फुटांचा फरक आहे. एका लहान बेडरूमएवढा!

फटका बसतो तो जुने एका मापाने आणि नवे दुसऱ्या मापाने मोजल्यावर. जुने ५०.८५, भिंती न धरता. त्यावर पस्तीस टक्के करून करारात लिहिले “६८.६५ चौ. मी.”, पुढे शब्द फक्त “क्षेत्रफळ”. बिल्डरने त्यात नवी ५ चौ. मी. ची बाल्कनी धरली, तर रेरा कार्पेट उरले ६३.६५. नव्या घरातल्या आतल्या भिंती ३ चौ. मी. धरल्या तर फरशी ६०.६५. जुन्या ५०.८५ शी तुलना केली तर वाढ १९ टक्के निघते. बिल्डरने कराराचा एकही शब्द मोडलेला नाही आणि सभासदाचे सोळा टक्के गेले.

यावर उपाय म्हणजे निविदा मागवायच्या आधी सोसायटीने सगळे फ्लॅट स्वतः मोजून घ्यायचे. लेझर मीटर घेऊन सोसायटीचा आर्किटेक्ट मोजेल, समितीचा एक माणूस लिहून घेईल आणि सभासद त्याच कागदावर सही करेल. प्रत्येक फ्लॅटला तीन स्तंभ ठेवा : मंजूर नकाशाप्रमाणे रेरा कार्पेट, प्रत्यक्षातले रेरा कार्पेट आणि बाल्कनी. तळमजल्याला कोणी अंगणात खोली वाढवली असेल, गच्चीवर शेड टाकली असेल, तर ते हक्काच्या क्षेत्रफळात येत नाही. आत घेतलेल्या बाल्कनीचे काय करायचे हे सभेत ठरवा आणि सगळ्यांना एकच नियम लावा. हा तक्ता सर्वसाधारण सभेने मंजूर केला की तोच निविदेला आणि पुढे कराराला जोडायचा.

जुन्या विक्रीखतात बहुधा बिल्टअप किंवा सुपर बिल्टअप लिहिलेले असते. तो आकडा मोठा दिसतो म्हणून त्याच्यावर टक्के मागण्याचा मोह होतो. ती मागणी धरून बसू नका. नव्या कराराचा पाया कार्पेटच असतो आणि या वादात काही महिने सहज जातात.

करारात क्षेत्रफळ कसे लिहायचे

टक्के करारातून काढूनच टाका. प्रत्येक सभासदासमोर फ्लॅट क्रमांक, मजला, रेरा कार्पेट चौ. मी. मध्ये, बाल्कनी वेगळी आणि पार्किंगचा क्रमांक, असा तक्ता जोडा. सोबत त्या फ्लॅटचा नकाशा, प्रत्येक खोलीच्या लांबी-रुंदीसह. क्षेत्रफळ पूर्ण भरते पण बेडरूम साडेआठ फूट रुंद निघते, असे होते. म्हणून प्रत्येक खोलीची किमान रुंदी लिहा. आपल्याकडे मे महिन्यात कूलरशिवाय घर चालत नाही. तेव्हा हॉल आणि बेडरूमच्या खिडकीबाहेर कूलरच्या स्टँडची जागा, तिथे पाण्याचा पॉइंट आणि प्लग नकाशातच दाखवून घ्या. नंतर ते दर्शनी भागाच्या नावाखाली नाकारले जाते.

ताब्याच्या वेळी क्षेत्रफळ कमी भरले तर काय, हे आकड्यात लिहा. कमी पडलेल्या प्रत्येक चौरस मीटरची भरपाई त्याच इमारतीतल्या विक्री फ्लॅटच्या दराने, ताब्याआधी. जास्त भरले तर सभासदाने पैसे द्यायचे का, किती मर्यादेपर्यंत, तेही लिहा. मंजूर नकाशा पुढे सुधारला तर सभासदांच्या फ्लॅटमध्ये लेखी संमतीशिवाय बदल होणार नाही, हे वाक्य हवेच. बहुतेक वेळा क्षेत्रफळ पहिल्या नकाशात बरोबर असते आणि तिसऱ्या सुधारित नकाशात कमी होते.

पैशाची आणि वेळेची हमी

२०१९ च्या त्याच शासन निर्णयात प्रकल्प खर्चाच्या २० टक्के बँक हमी सांगितली आहे. प्रकल्प खर्च ८ कोटी असेल तर १ कोटी ६० लाख. बरेच बिल्डर त्याऐवजी “दोन फ्लॅट तारण देतो” म्हणतात. न बांधलेला फ्लॅट हे तारण नव्हे. हमी विनाअट हवी, सोसायटीच्या पहिल्या मागणीवर वटणारी. तिची मुदत संपण्याच्या महिनाभर आधी नूतनीकरण झाले नाही तर सोसायटीने ती वटवावी, असा हक्क लिहून घ्या. यातच सर्वाधिक फसगत होते. हमी एका वर्षाची असते, काम तीन वर्षे चालते आणि गरज पडते तेव्हा ती संपलेली असते. काम पुढे जाईल तशी रक्कम टप्प्याने कमी करायला हरकत नाही.

भाड्याचे गणित करू. प्रत्येकी महिना १४,००० धरले तर १६ जणांचे २ लाख २४ हजार, २४ महिन्यांचे सुमारे ५४ लाख. पहिल्या वर्षाचे धनादेश वेळेवर वटतात. दुसऱ्या वर्षी विक्री मंदावली की भाडे थांबते आणि सभासद ना जुन्या घरात ना नव्यात. म्हणून पहिल्या वर्षाचे भाडे आगाऊ, दुसऱ्या वर्षाचे पुढच्या तारखांचे धनादेश आणि शेवटच्या सहा महिन्यांची रक्कम सोसायटीच्या खात्यात ठेव म्हणून घ्या. दरवर्षीची वाढ, ताबा मिळेपर्यंत भाडे चालू राहणे, सामान हलवण्याचा जाण्या-येण्याचा खर्च आणि घरमालकाची अनामत हे सगळे वेगवेगळे लिहा.

मुदत शासन निर्णयात दोन वर्षे आहे, अपवादात्मक परिस्थितीत तीन. ती कोणत्या दिवसापासून मोजायची हे करारात नसले तर मुदतीला अर्थ नाही. बांधकाम परवानगी मिळून शेवटचा सभासद घर रिकामे करेल तो दिवस धरा आणि परवानगी मिळवायलाही स्वतंत्र मुदत द्या, उदाहरणार्थ सहा महिने. करार रद्द करण्याची कारणे मोजता येतील अशी असावीत : काम सलग ९० दिवस बंद, दोन महिने भाडे थकले, बँक हमी संपली. ‘काम बंद’ कोणी ठरवायचे? सोसायटीच्या आर्किटेक्टने, लेखी. रद्द झाल्यावर मंजूर नकाशे आणि परवानग्या सोसायटीच्या राहतील आणि विक्री फ्लॅटच्या ग्राहकांचे देणे बिल्डरचेच असेल, हेही त्याच कलमात घाला.

कुलमुखत्यारपत्र करारापेक्षा जास्त काळजीने वाचा. त्यात बिल्डरला नकाशे सादर करण्याचे आणि फक्त विक्रीचे फ्लॅट विकण्याचे अधिकार असावेत. जमीन किंवा सभासदांचे फ्लॅट गहाण टाकण्याचा अधिकार नसावा आणि विकसनाचे हक्क दुसऱ्या कोणाला देण्याचाही नसावा. विक्रीच्या फ्लॅटपैकी दोन-तीन फ्लॅट ओसी, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र, येऊन सभासदांना ताबा मिळेपर्यंत विकले जाणार नाहीत, असे त्यांच्या क्रमांकांसह लिहिले तर शेवटच्या टप्प्यात बिल्डरवर वजन राहते. रेरात बांधकामातल्या दोषांची पाच वर्षांची जबाबदारी आहे. ती जुन्या सभासदांच्या फ्लॅटलाही लागू राहील, असे शब्दांत लिहून घ्या.

घर कधी सोडायचे

विकसन करारनामा दुय्यम निबंधकांकडे नोंदल्यावर प्रत्येक सभासदाचा पर्यायी कायम निवासाचा करार वेगळा नोंदवायचा असतो. सोसायटीच्या करारावर मुद्रांक शुल्क भरलेले असेल तर सभासदाच्या या करारावर पुन्हा पूर्ण शुल्क घेता येत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले. सभासदाने जादा जागा विकत घेतली असेल तर तिच्यावर मात्र लागते. शुल्क आणि नोंदणीचा खर्च बिल्डरचा, हे करारात असू द्या.

घर रिकामे करण्याच्या दिवशी समितीच्या हातात पाच कागद हवेत : मनपाने मंजूर केलेला नकाशा आणि बांधकाम परवानगी, बँक हमीची मूळ प्रत, भाड्याचे धनादेश, प्रत्येकाचा नोंदणीकृत करार आणि त्याला जोडलेला क्षेत्रफळाचा तक्ता. मंजूर नकाशातला प्रत्येक फ्लॅट त्या तक्त्याशी ताडून सोसायटीच्या आर्किटेक्टने सही केलेले पत्र त्याच आठवड्यात घ्या. आकडा जुळला नाही तर चावी देऊ नका. सोळापैकी एकाही घराचा आकडा चुकला असेल तर ती दुरुस्ती इमारत उभी असतानाच होते.